शाळेचा ट्रम्पेट: तेल, ग्रीस आणि महिन्याची साफसफाई नेमक्या कोणत्या क्रमानं करायची

शाळेच्या बँडमधल्या ट्रम्पेटची एक तक्रार वारंवार येते: व्हॉल्व्ह दाबला की वर यायला वेळ लावतो. मुलं त्यावर तेल घालतात. दहा मिनिटं बरं चालतं, मग पुन्हा तेच. मग आणखी तेल, दिवसातून तीनदा. बाटली संपते, व्हॉल्व्ह मात्र सुधारत नाही.

कारण बहुतेक वेळा तेलाची कमतरता हे नसतंच. आत मळ साचलेला असतो आणि त्या मळावरच तेल पडत राहतं. किंवा स्लाइडला लावलेलं जाड ग्रीस वाहत व्हॉल्व्हपर्यंत पोचलेलं असतं. तेल आणि ग्रीस दोन्ही लागतात, पण त्यांच्या जागा वेगळ्या आहेत. पिस्टन आणि त्याच्याभोवतीच्या नळीत, म्हणजे केसिंगमध्ये, केसापेक्षाही बारीक फट असते. तिथे पातळ तेलाचा थर हवा. स्लाइडच्या नळ्यांत हवा अडवून धरणारं जाड ग्रीस हवं. दोन्ही एकमेकांत मिसळले की तेल चिकट होतं आणि ग्रीस सैल पडतं.

हवेचा मार्ग एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचा क्रम पाठ करावा लागणार नाही. माउथपीसमधून निघालेली हवा आधी लीडपाइपमधून जाते, तिथून पुढच्या मोठ्या ट्यूनिंग स्लाइडमधून वळते, आणि मग सर्वांत आधी तिसऱ्या व्हॉल्व्हमध्ये शिरते. त्यानंतर दुसरा, मग पहिला, आणि शेवटी बेल. म्हणजे तोंडातली लाळ, लीडपाइपमधला हिरवट मळ, ट्यूनिंग स्लाइडच्या टोकाला उरलेलं जादा ग्रीस, हे सगळं आधी तिसऱ्या व्हॉल्व्हच्या वाट्याला येतं. (व्हॉल्व्हचे क्रमांक वाजवणाऱ्याच्या बाजूनं मोजतात: तोंडाजवळचा पहिला, बेलच्या बाजूचा तिसरा.) तिसरा व्हॉल्व्ह अडकायला लागला, तर नुसता व्हॉल्व्ह पुसून भागत नाही, लीडपाइपही बघायला लागतो.

## रोजची आणि आठवड्याची कामं

महिन्याची साफसफाई सोपी व्हावी असं वाटत असेल तर ही छोटी कामं टाळू नका.

वाजवण्याआधी तोंड स्वच्छ पाण्यानं खळखळून धुवा. गोड पेय किंवा खाणं घेऊन लगेच वाजवलं, तर ती साखर श्वासाबरोबर आत जाते, वाळते आणि पिस्टनवर चिकटपणा धरते. वाजवून झाल्यावर वॉटर की दाबून फुंकर मारा, म्हणजे साचलेलं पाणी निघेल. मग मऊ कापडानं हाताचे डाग पुसा. पेटीत ठेवताना माउथपीस काढूनच ठेवा.

आठवड्यातून एकदा माउथपीस कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण आणि माउथपीसचा निमुळता ब्रश यांनी धुवा. शाळेत एकच ट्रम्पेट दोघे वाजवत असतील तर माउथपीस प्रत्येकाचा वेगळा हवा, यात तडजोड नको.

## रोजचं तेल कसं घालायचं

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून थोडं सावकाश सांगतो.

१. एका वेळी एकच व्हॉल्व्ह उघडा. वरचं झाकण फिरवून सोडवा आणि पिस्टन सरळ वर उचला. पूर्ण बाहेर काढायची गरज नाही, अर्धा पुरे.

२. पिस्टनचा वरचा अरुंद भाग, ज्यात स्प्रिंग असते, तो सोडा. खालच्या रुंद, गुळगुळीत, भोकं असलेल्या भागावर दोन-तीन थेंब टाका. घासून सरकणारी जागा तीच आहे.

३. पिस्टन हळू खाली सोडा, थोडासा डावी-उजवीकडे वळवून तेल पसरवा, आणि मग वळवत न्या. एका जागी बारीक ‘टक्’ होतं. तिथे पिस्टनची मार्गदर्शक पट्टी, म्हणजे गाइड, केसिंगच्या खाचेत बसते. त्यानंतर झाकण लावा आणि बटण दहा-बारा वेळा दाबून सोडा.

४. मग पुढचा व्हॉल्व्ह.

टाळा: खालच्या झाकणाच्या भोकातून किंवा स्लाइड काढून तिच्या नळीतून तेल ओतणं. भोकातून टाकलेलं तेल पिस्टनच्या कडेपर्यंत नीट पोचत नाही. नळीतून ओतलेलं तर स्लाइडचं ग्रीस धुऊन घेऊनच व्हॉल्व्हमध्ये उतरतं. तेल चढत नाही म्हणून वैतागणाऱ्यांची अर्धी तक्रार इथेच मिटते.

स्वयंपाकाचं, केसांचं किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका. वनस्पतींचं तेल हवेत राहून घट्ट आणि चिकट होतं, मशीनचं तेल इतक्या बारीक फटीसाठी नको तितकं जाड असतं. व्हॉल्व्ह ऑइल म्हणून मिळणारंच तेल वापरा, आणि ते खनिज असो वा कृत्रिम, एकदा ठरवलं की तेच. प्रकार बदलायचा असेल तर आधी पूर्ण साफसफाई करा, मग नवं घाला.

## महिन्याची साफसफाई: आधी काय काय जमवायचं

बाजूला ठेवलेला एक तास लागेल, शिवाय वाळायला वेळ. घाईच्या दिवशी सुरू करू नका. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तर नकोच.

लागणारं साहित्य एवढंच: ट्रम्पेट आडवा मावेल असा टब, तळाशी घालायला जाड टॉवेल, वाळवायला दुसरा टॉवेल, भांड्यांचा सौम्य साबण, लवचीक लांब ब्रश (दोन्ही टोकांना केस असलेला, नळ्यांतून ओढायचा), व्हॉल्व्हच्या केसिंगसाठी सरळ ब्रश, माउथपीसचा ब्रश, धागे न सुटणारं जुनं सुती कापड, व्हॉल्व्ह ऑइल आणि स्लाइड ग्रीस.

पाणी कोमटच हवं, हात सहज बुडवता येईल एवढं. कढत पाण्यानं पितळेवरचं पारदर्शक लाखेचं आवरण पोपडे धरून निघतं, आणि ते परत येत नाही.

सुरू करण्याआधी टेबलावर एक कापड पसरा आणि त्यावर १, २, ३ असे तीन भाग ठरवा. पहिल्या व्हॉल्व्हशी संबंधित प्रत्येक गोष्ट पहिल्या भागात, याप्रमाणे. पिस्टन एकमेकांत बदलत नाहीत, झाकणंही बदलू नयेत.

## टप्पा १: सुटे करणं

आधी माउथपीस काढा. नंतर ट्यूनिंग स्लाइड. तिची एक बाजू लीडपाइपकडून मोकळी असल्यामुळे ती सरळ ओढता येते.

बाकीच्या तीन स्लाइड काढताना मात्र त्या-त्या क्रमांकाचा व्हॉल्व्ह दाबून धरा. व्हॉल्व्ह न दाबता स्लाइड ओढली तर आत पोकळी तयार होते, स्लाइड खेचली जाते, जोर लावावा लागतो आणि हात निसटून काहीतरी वाकतं. तिसऱ्या स्लाइडच्या टोकाला बहुतेक वेळा एक लहान थांबा असतो, स्क्रू किंवा नट. तो आधी सोडवून तिसऱ्या भागात ठेवा.

यानंतर वरची झाकणं सोडवून तिन्ही पिस्टन काढा आणि जागच्या जागी ठेवा. प्रत्येक पिस्टनवर १, २, ३ असा क्रमांक कोरलेला असतो, तो आत्ताच शोधून ठेवा. शेवटी खालची झाकणं. ती उघडली की आत काळसर चिखल दिसेल. घाबरू नका, जुनं तेल आणि मळ तिथेच गोळा होतात.

थांबा आणि बघा: एखादी स्लाइड किंवा माउथपीस हातानं हलत नसेल तर पक्कड लावू नका. पितळेची नळी पक्कडीत चेपते आणि सोल्डरचे जोड उखडतात. अडकलेल्या माउथपीससाठी ओढणारं खास साधन असतं, दुरुस्ती करणाऱ्याकडे ते असतं आणि काम पाच मिनिटांत होतं. त्या महिन्यात तो भाग तसाच ठेवून बाकीची सफाई करा.

## टप्पा २: भिजवणं आणि ब्रश

टबात टॉवेल अंथरा, कोमट पाणी आणि थोडा साबण घाला. ट्रम्पेटचा मुख्य सांगाडा, स्लाइड, खालची झाकणं आणि माउथपीस वीसेक मिनिटं बुडवून ठेवा. दुसऱ्या व्हॉल्व्हची नळी बाजूला बाहेर डोकावते, ती बाजू वर राहील असाच सांगाडा ठेवा. पुढे टेबलावर ठेवतानाही हीच सवय ठेवा. त्या नळीला धक्का बसला तर तो सरळ दुसऱ्या केसिंगला पोचतो आणि दुसरा पिस्टन घासायला लागतो.

पिस्टन पाण्यात बुडवू नका. वरच्या बटणाखाली आणि झाकणात फेल्टच्या चकत्या असतात. त्या ओल्या झाल्या की फुगतात आणि दबतात, मग पिस्टन ज्या उंचीवर थांबायला हवा तिथे थांबत नाही, भोकं नळ्यांसमोर बरोबर येत नाहीत आणि आवाज घुसमटतो.

भिजल्यावर लवचीक ब्रश लीडपाइपमधून आरपार ओढा, एकदा नव्हे, पाणी स्वच्छ येईपर्यंत. महिन्याभराच्या मळातला मोठा वाटा इथूनच निघतो. मग ट्यूनिंग स्लाइड, इतर स्लाइड आणि सांगाड्यातल्या त्यांच्या नळ्या. केसिंगमध्ये सरळ ब्रश घालताना त्याची धातूची दांडी आतल्या भिंतीला लागू देऊ नका. शेवटी सगळं स्वच्छ पाण्यात खंगाळा, साबणाचा थर राहिला तर नवं तेल टिकत नाही.

लीडपाइपच्या बाहेरच्या बाजूला गुलाबी-लालसर ठिपके दिसतात का, हे याच वेळी बघा. पितळेतलं जस्त झडून तांबं उरलं की असे ठिपके येतात, आणि झीज बहुधा आतून सुरू झालेली असते. ते घासून जात नाहीत. तारीख लिहून ठेवा आणि वाढतात का ते दर महिन्याला पाहा.

## टप्पा ३: पिस्टन वेगळे

एकेक पिस्टन हातात धरून खालचा रुंद भाग कापडानं पुसा. भोकांतून कापडाची पट्टी आरपार ओढा. तेल सुकून तपकिरी थर बसला असेल तर कापडावर थोडं व्हॉल्व्ह ऑइल घेऊन चोळा, तो सुटतो. फार मळ असेल तर फक्त खालचा भाग साबणाच्या ओल्या कापडानं पुसून लगेच कोरडा करा, फेल्ट कोरडं राहील याची काळजी घ्या.

काचकागद, घासणी, भांड्यांची पावडर, पितळेचं पॉलिश यांतलं काहीही पिस्टनला लावू नका. इतक्या बारीक फटीत एक ओरखडासुद्धा हवा गळायला पुरतो, आणि गेलेला धातू परत भरता येत नाही. पितळेचं पॉलिश बाहेरच्या लाखेवरही नको. बाहेरून मऊ कापड पुरेसं आहे.

## टप्पा ४: वाळवणं

सांगाडा हलवून पाणी काढा. केसिंग आणि स्लाइडच्या नळ्या कापडानं आतून कोरड्या करा. बाकीचं कोरड्या टॉवेलवर एक-दोन तास राहू द्या. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नका.

तपासणी: स्वच्छ पांढरं कापड केसिंगमध्ये फिरवून बाहेर काढा. काळपट आलं, तर पुन्हा पुसा. इथे आळस केलात तर आठवड्यात तीच तक्रार परत येईल.

## टप्पा ५: जोडणी, आणि इथे क्रम महत्त्वाचा

आधी स्लाइड, मग पिस्टन. हा क्रम उलटा झाला तर स्लाइड सारताना आत ढकललं गेलेलं ग्रीस नुकत्याच तेल घातलेल्या व्हॉल्व्हवर बसतं. पिस्टन बाहेर असताना मात्र हे ग्रीस केसिंगमध्ये दिसतं आणि पुसता येतं.

१. ट्यूनिंग स्लाइड आणि दुसरी स्लाइड यांना जाड ग्रीस. नळीच्या दोन्ही पायांवर, टोकाच्या अगदी कडेपासून बोटभर मागे, मटारच्या दाण्याच्या अर्ध्याएवढं ग्रीस घ्या आणि बोटानं पातळ पसरवा. दोन्ही पाय एकदम घालू नका. एक पाय घालून फिरवा, बाहेर काढा, मग दुसरा. थर सारखा होतो आणि बाहेर येणारं जादा ग्रीस पुसता येतं. मग दोन्ही पाय एकत्र.

२. पहिली आणि तिसरी स्लाइड वाजवताना बोटानं हलवायची असतात, खालचे काही सूर चढे लागतात ते उतरवण्यासाठी. त्यांना त्याहून कमी ग्रीस लावा आणि वर एक थेंब व्हॉल्व्ह ऑइल, बोटानं एकजीव करून. थेंब बाहेरच्या पायावरच टाका, नळीच्या आत नको. तिसऱ्या स्लाइडचा थांबा आत्ताच परत लावा, नाही तर वाजवताना स्लाइड हातातून निसटून जमिनीवर पडते.

३. आता स्वच्छ कापडानं केसिंग पुन्हा एकदा आतून पुसा. बहुतेकांकडून हीच पायरी राहते. मग खालची झाकणं हातानं घट्ट लावा.

४. पिस्टनवर चार-पाच थेंब तेल टाका (रोजच्यापेक्षा जास्त, कारण सगळं कोरडं आहे) आणि क्रमांक बघून त्याच केसिंगमध्ये घाला. ‘टक्’ होईपर्यंत फिरवा. वरचं झाकण लावताना आटे तिरके गेले तर जोर लावू नका, उलटं फिरवून पुन्हा सुरुवात करा.

५. माउथपीस शेवटी, हलकेच घालून पाव वळण. तळहातानं ठोकून बसवू नका. अडकलेल्या माउथपीसमागे हे ठोकणंच असतं.

तपासणी: कोणतंही बटण न दाबता हवा फुंका. सहज जायला हवी. मग एकेक व्हॉल्व्ह दाबून फुंका.

## हवाच जात नसेल तर

साफसफाईनंतर ट्रम्पेट ‘बंद’ पडला म्हणून घाबरण्याची गरज नाही. एखादा पिस्टन दुसऱ्याच्या जागी गेला आहे किंवा खाचेत न बसता फिरलेला आहे. प्रत्येक झाकण उघडून क्रमांक बघा, मग पिस्टन सावकाश फिरवून ‘टक्’ शोधा. काही ट्रम्पेटमध्ये गाइडची पट्टी दोन दिशांनी बसू शकते. ‘टक्’ झालं तरी हवा अडत असेल तर पिस्टन अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा आणि फुंकून बघा. एका वेळी एकच बदल करा.

## एक उदाहरण: तिसरा व्हॉल्व्ह संथ

समजा, तिसरा व्हॉल्व्ह तेल घातल्यावर दहा मिनिटं चालतो आणि मग रेंगाळतो. पिस्टन बाहेर काढला तर त्यावर पिवळसर, बोटाला चिकटणारा थर आहे. नुसत्या तेलाचा थर असा नसतो, ग्रीस आत आलं आहे. ट्यूनिंग स्लाइड काढून बघितली तर तिच्या टोकाशी, नळीच्या आत, ग्रीसची वलयं. लीडपाइपमध्ये ब्रश ओढला तर हिरवट कण.

उपाय वरच्या क्रमानंच: लीडपाइप आणि ट्यूनिंग स्लाइड धुवा, तिसरा पिस्टन व केसिंग पूर्ण पुसा, ग्रीस कमी आणि कडेपासून मागे लावा, केसिंग पुन्हा पुसा, मग तेल. हे केल्यावर चार दिवस रोज दोन-तीन थेंब पुरत असतील तर प्रश्न सुटला.

सुटला नाही तर स्वच्छ, तेल घातलेला पिस्टन बोट अगदी सरळ खाली दाबून तपासा. सरळ दाबल्यावर चालतो आणि तिरकं दाबल्यावर अडतो, तर बोटांची ठेवण सुधारायची आहे. सरळ दाबूनही ठरावीक एकाच उंचीवर अडत असेल, तर केसिंग किंवा पिस्टनला धक्का बसला आहे. दुसऱ्या व्हॉल्व्हच्या बाबतीत आधी बाजूला निघालेल्या त्या नळीवर चेप दिसतो का ते बघा. हे काम तेलाचं नाही. पिस्टन घासून सैल करण्याचा प्रयत्न न करता वाद्य दुरुस्तीला पाठवा आणि सोबत चिठ्ठी द्या: कोणता व्हॉल्व्ह, कोणत्या उंचीवर, खाली जाताना अडतो की वर येताना.